अडतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, दोन पानांचा कागद

समजा, पुण्यातल्या शंभर खाटांच्या एका खासगी रुग्णालयाला सर्जिकल वॉर्डसाठी इन-चार्ज सिस्टर हवी आहे. आलेल्या अर्जांतून पाच जणी मुलाखतीपर्यंत पोचल्या. एक नांदेडची, एक मस्कतला नोकरी करणारी, म्हणून सगळ्याच मुलाखती व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं. त्या घेतल्या मेट्रन आणि एचआर व्यवस्थापक या दोघांनी. निवड मात्र चौघांची समिती करणार. त्यातले वैद्यकीय संचालक त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये आणि गुणवत्ता विभागाच्या प्रमुख रजेवर. पाच रेकॉर्डिंग मिळून तीन तासांच्या वर जातात. एवढं ऐकायला या दोघांना सवड मिळणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्या हातात पडणार तो एचआरमधल्या कुणी तरी रेकॉर्डिंग ऐकून तयार केलेला कागद.

बऱ्याच ठिकाणी हा कागद साधारण असा असतो: 'उमेदवार आत्मविश्वासू वाटल्या. संवादकौशल्य चांगले. अकरा वर्षांचा अनुभव. टीमसोबत जुळवून घेतील. थोड्या शांत स्वभावाच्या. शिफारस: हो.'

यातलं एकही वाक्य कदाचित चुकीचं नसेल. पण संचालकांनी 'जुळवून घेतील' या शब्दांवर बोट ठेवून 'कशावरून?' असं विचारलं, तर कागदात उत्तर नाही. हाच मजकूर उरलेल्या चौघींच्या नावाखाली चिकटवला तरी कुणाला शंका येणार नाही. शिवाय 'थोड्या शांत स्वभावाच्या' हा गुण समजायचा की दोष, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं. अशा कागदातून समितीला मुलाखत घेणाऱ्याचा मूड कळतो, उमेदवार कळत नाही.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव या तशा वेगवेगळ्या गोष्टी. पण ज्याला एकात जास्त गुण, त्याला बाकीच्यांतही जास्त, असा प्रकार त्यांना दिसला. अधिकारी प्रत्येक गुण वेगळा मापत नव्हते. माणूस एकंदर चांगला वाटला की सगळ्या रकान्यांत चांगलंच लिहिलं जात होतं. थॉर्नडाइक यांनी या प्रकाराला 'हेलो इफेक्ट' असं नाव दिलं.

यावरचा एक उपाय डॅनियल काहनेमन यांनी १९५० च्या दशकात इस्रायली सैन्यात करून पाहिला. पुढे नोबेल मिळवणारे काहनेमन तेव्हा विशीच्या सुरुवातीचे तरुण अधिकारी होते. सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांच्या मुलाखती घेणाऱ्यांना त्यांनी सहा गुण ठरवून दिले आणि अट घातली: एका गुणाचे प्रश्न संपले की त्याचा आकडा लिहायचा, मगच पुढच्या गुणाकडे वळायचं. मुलाखतकारांना हे अजिबात रुचलं नाही. आपल्या पारखी नजरेला यात काही किंमतच उरली नाही, असं त्यांना वाटलं. तेव्हा काहनेमन यांनी त्यांना एक सवलत दिली. सगळे सहा आकडे लिहून झाले की डोळे मिटायचे, तो मुलगा सैनिक म्हणून कसा निघेल हे डोळ्यांसमोर आणायचं आणि एक शेवटचा आकडा द्यायचा. पुढे प्रत्यक्ष कामगिरीशी ताडून पाहिलं, तर सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला आकडाही तिच्याइतकाच उपयोगी निघाला. अंदाज बांधायला हरकत नव्हती, तो सुटा पुरावा गोळा झाल्यावर बांधायचा होता.

रेकॉर्डिंगवरून मूल्यमापन लिहिणाऱ्याचं काम हेच. मुलाखत काळाच्या ओघात पुढे सरकते, कागद मात्र निकषांच्या क्रमाने लिहायचा असतो. तिसऱ्या मिनिटाला निघालेली एक गोष्ट आणि एकतिसाव्या मिनिटाला सहज बोललेलं एक वाक्य कागदावर एकाच रकान्यात शेजारी येतात, आणि मधली दहा मिनिटं पूर्ण गळून जातात. म्हणून ऐकायला बसण्याआधी निकष हातात हवेत. ते मुलाखतीआधीच ठरलेले हवेत, हे आणखी महत्त्वाचं. रेकॉर्डिंग ऐकता ऐकता निकष सुचायला लागले, की आवडलेल्या उमेदवाराच्या मापाचेच निकष सुचतात.

आपल्या रुग्णालयाने चार निकष ठरवले होते. आणीबाणीत कामाचा अग्रक्रम लावणं, औषधांतली चूक हाताळणं, हाताखालच्यांकडून काम करून घेणं आणि नातेवाइकांशी बोलणं. प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि एक, तीन, पाच या आकड्यांसमोर प्रत्यक्ष वागण्याचं वर्णन. उदाहरणार्थ, औषधांच्या चुकीच्या निकषात एक म्हणजे चूक दुसऱ्यावर ढकलली किंवा दडवली. तीन म्हणजे डॉक्टरांना लगेच कळवलं, लेखी नोंद केली. पाच म्हणजे एवढं करून ती चूक का झाली ते शोधलं आणि ते कारण दूर केलं. दोन आणि चार हे अधलेमधले. वागण्याच्या वर्णनाशी आकडा बांधण्याची ही पद्धत पॅट्रिशिया केन स्मिथ आणि लॉर्न केंडॉल या संशोधकांनी १९६३ मध्ये मांडली, आणि योगायोग असा, की ती त्यांनी परिचारिकांच्या कामासाठीच बनवली होती. वर्णनं त्यांनी स्वतः रचली नाहीत, हेड नर्सेसकडून मिळवली. मग तीच उदाहरणं दुसऱ्या गटाला देऊन कोणतं उदाहरण कोणत्या गुणाचं आहे ते विचारलं. ज्या उदाहरणांवर एकमत झालं नाही ती काढून टाकली.

आता एका उमेदवाराचं अडतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊ. उदाहरण रचलेलं आहे, पण यातले पेच रोजचे आहेत. चौदाव्या मिनिटाला मेट्रन विचारतात, "रात्रपाळीत अचानक माणसं कमी पडली, असं अलीकडे कधी झालं? तेव्हा काय केलंत?"

"गेल्या दिवाळीत, मॅडम. दोन सिस्टर आल्याच नाहीत. अठ्ठावीस पेशंट होते. सगळ्यांनी मिळून निभावलं."

इथे घाईत ऐकणारा लिहून मोकळा होतो: 'दबावाखाली चांगलं काम करतात.' पण निभावलं कुणी, कसं, यातलं काहीच अजून कळलेलं नाही. मेट्रन अनुभवी, त्या थांबत नाहीत. "त्यात तुमच्याकडे काय होतं?"

"मी ऑपरेशन होऊन आलेले चार पेशंट स्वतःकडे घेतले. नाइट सुपरवायझरना फोन लावून मेल वॉर्डमधून एक ब्रदर मागवला. तो येईपर्यंत स्टुडंटला फक्त बीपी, टेम्परेचर बघायला सांगितलं. इंजेक्शनला तिला हात लावू दिला नाही."

कागदावर याची नोंद अशी होते: 'निकष १. वेळ १४:१० ते १६:०५. रात्री दोन परिचारिका गैरहजर, २८ रुग्ण. शस्त्रक्रिया झालेले चार रुग्ण स्वतःकडे घेतले. सुपरवायझरकडून दुसऱ्या वॉर्डातला माणूस मागवला. विद्यार्थिनीला जोखमीचं काम दिलं नाही. स्वतःचा वाटा पुरवणी प्रश्नानंतर सांगितला. गुण ४.' एकही विशेषण नाही, आणि तरीही संचालकांना या बाईंची विचार करण्याची पद्धत दिसते. वेळ लिहिलेली असल्यामुळे शंका आली तर त्यांना पूर्ण रेकॉर्डिंग धुंडाळावं लागत नाही, दोन मिनिटांचा तुकडा ऐकला की झालं. 'पुरवणी प्रश्नानंतर' हे दोन शब्दही कामाचे आहेत. दुसऱ्या एखाद्या उमेदवाराला तो पुरवणी प्रश्न विचारलाच गेला नसेल, तर तिचं मोघम उत्तर या उत्तराच्या शेजारी ठेवणं अन्यायाचं होईल.

एकविसाव्या मिनिटाला जरा अवघड जागा येते. विषय औषधांच्या चुकीचा. उमेदवार सांगतात, की एका नव्या मुलीने सिरिंजमध्ये डिस्टिल्ड वॉटर समजून केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड भरलं होतं. दोन्हीचे अँप्युल सारखेच दिसणारे. देण्याआधी तपासताना त्यांच्या लक्षात आलं आणि अनर्थ टळला. हे औषध पातळ न करता शिरेतून दिलं तर हृदय थांबू शकतं, त्यामुळे प्रसंग मोठाच. त्या पुढे बोलणार तेवढ्यात एचआर व्यवस्थापक मध्येच म्हणतात, "बापरे! मग तुम्ही इन्सिडेंट रिपोर्ट भरलाच असेल ना?"

"हो, हो. भरला ना, सर."

कागदावर जर फक्त 'इन्सिडेंट रिपोर्ट भरला' एवढंच उतरलं, तर ते खोटं ठरणार नाही, पण समितीची दिशाभूल करेल. उत्तर प्रश्नातच होतं. उमेदवाराने फक्त मान डोलावली. स्वतःहून सांगितलेली गोष्ट आणि तोंडात घातलेली गोष्ट यांचं वजन सारखं नसतं. म्हणून जाणकार लेखनिक अशा ठिकाणी उत्तरासोबत प्रश्नही लिहितो: 'रिपोर्ट भरल्याचं सूचक प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलं; कुणाला, कधी, पुढे काय झालं ते विचारलं गेलं नाही. देण्याआधी तपासणी स्वतः केली हे स्वतःहून सांगितलं (२१:३०).' गुण तीन, आणि पुढे शेरा: पुरावा अपुरा. कारण शोधून दूर केलं का, म्हणजे केसीएल वॉर्डच्या ट्रॉलीवरून हलवून वेगळं ठेवलं का, हे या बाईंना सांगायचं होतं की नाही, हे रेकॉर्डिंगमधून आता कळणार नाही. त्यांचं बोलणं कापलं गेलं होतं.

मुलाखत घेणाऱ्याची चूक कागदावर दिसली, की काही कार्यालयांत लोक बिचकतात. साहेबांचा प्रश्न सूचक होता, हे कनिष्ठ माणसाने लिहायचं कसं? तो संकोच समजण्यासारखा आहे. पण तो पाळला तर साहेबांच्या उतावीळपणाची किंमत उमेदवार मोजते. सोपा मार्ग म्हणजे शेरा न मारता प्रश्न जसाच्या तसा उतरवणं. वाचणारा समजून घेतो.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला गप्पा घसरतात. उमेदवार बोलता बोलता म्हणतात, की मुलगी लहान आहे आणि यजमानांची बदली पुण्याला झाली म्हणून त्या इकडे येत आहेत. हे कागदावर घ्यायचं नाही. सहानुभूती म्हणूनही नाही. 'लहान मूल' हे शब्द एकदा पानावर आले, की समितीतला कुणी ना कुणी रात्रपाळीचा हिशेब मनातल्या मनात करतोच, आणि तो हिशेब बाप असलेल्या ब्रदरच्या बाबतीत कुणी करत नाही. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. आता तशी तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे. रात्रपाळी हा नोकरीचा भाग असेल, तर 'रोटाप्रमाणे रात्रपाळी कराल का?' हा प्रश्न सगळ्या उमेदवारांना, पुरुषांनाही, एकाच शब्दांत विचारावा आणि हो किंवा नाही एवढं उत्तर लिहावं.

याच गप्पांत मेट्रन आणि उमेदवार एकाच नर्सिंग कॉलेजच्या निघाल्या. सहा-सात मिनिटं जुन्या वॉर्डनबाईंच्या आठवणींत गेली. वेळ संपली, आणि चौथा निकष, नातेवाइकांशी बोलणं, राहूनच गेला.

अशा वेळी रकान्यात काय लिहायचं? सवयीने तिथे तीन टाकले जातात. मधला आकडा, कुणाचं नुकसान नको म्हणून. कधी कधी 'बोलणं गोड आहे, नातेवाईक नीट हाताळतील' असं अनुमान येऊन बसतं. दोन्ही चूक. तिथे लिहायचं ते 'विचारलं नाही', आणि आकड्याची जागा रिकामी ठेवायची. शून्य म्हणजे वाईट उत्तर. रिकामी जागा म्हणजे उत्तरच नाही. बेरीज करताना हा फरक पुसला गेला, तर कॉलेजच्या आठवणींत रमलेल्या मेट्रनच्या वेळेचा दंड उमेदवाराला बसतो. समितीच्या बैठकीआधी दहा मिनिटांचा फोन करून बाकीच्या चौघींना विचारलेला प्रश्न त्याच शब्दांत हिलाही विचारावा, म्हणजे जागा भरून निघते. अख्ख्या कागदातली सगळ्यांत उपयोगी ओळ अनेकदा हीच असते, कारण ती समितीला काय माहीत नाही ते सांगते.

हल्ली रेकॉर्डिंगचा मजकूर सॉफ्टवेअर काढून देतं, त्यामुळे ऐकण्याचा कंटाळा करण्याची सोय झाली आहे. मराठी-इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या, मध्येच औषधांची नावं घेणाऱ्या सिस्टरच्या बाबतीत तो मजकूर जपून वापरावा लागतो. बोलणारे दोघे एकमेकांत मिसळतात आणि मेट्रनचं वाक्य उमेदवाराच्या नावावर जमा होतं. वाक्याच्या शेवटी हळूच म्हटलेला 'नाही' गळतो आणि अर्थ उलटा होतो. 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' होतं. व्हिस्पर या प्रसिद्ध प्रणालीचा अमेरिकेत अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कुणीही न बोललेली वाक्यं आढळली, आणि बोलण्यात लांब विराम असतील तिथे हे जास्त घडत होतं. मुलाखतीत विचार करायला थांबणारा माणूस तर असतोच. म्हणून साधा नियम असा, की ज्या वाक्यावर आकडा टेकला आहे, ते वाक्य कानाने ऐकल्याशिवाय कागदावर घ्यायचं नाही. पूर्ण अडतीस मिनिटं पुन्हा ऐकायची गरज नाही, पण चार निकषांची ती आठ-दहा वाक्यं ऐकायलाच हवीत.

रेकॉर्डिंगचा एक फायदा मात्र समोरासमोरच्या मुलाखतीला कधीच मिळत नाही. हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञ आयरिस बोनेट सुचवतात, की एका उमेदवाराची सगळी उत्तरं एकदम न तपासता एका प्रश्नाची सगळ्या उमेदवारांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून तपासावीत. आठवणीच्या भरवशावर हे कठीण जातं. रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नांच्या वेळा एकदा टिपून ठेवल्या, की पाचही जणींचं रात्रपाळीचं उत्तर सलग पंधरा मिनिटांत ऐकता येतं. पहिल्या उत्तराने खूश झालेला कान दुसऱ्या प्रश्नाला येईपर्यंत चार वेगळे आवाज ऐकून निवळलेला असतो. आपल्या उदाहरणात असं ऐकल्यावर दिवाळीच्या रात्रीचं उत्तर पाचांत वरचं ठरलं, आणि जिचं बोलणं सगळ्यांत अस्खलित होतं, त्या उमेदवाराने आपण स्वतः काय केलं हे एकदाही सांगितलेलं नाही, हे लक्षात आलं.

कागदाच्या माथ्यावर शिफारस लिहावी का, यावर एचआरच्या लोकांत दोन मतं आहेत. वेळ नसलेल्या संचालकांना पहिल्या ओळीत निकाल हवा असतो, हे खरं. पण 'शिफारस: हो' वाचून पुढचं पान उघडणारा माणूस पुरावा तपासत नाही, पुरावा जुळवतो. त्यापेक्षा चारही सदस्यांनी निकषांच्या नोंदी वाचून आपले आकडे एकमेकांना न दाखवता लिहावेत, मग एकत्र मांडावेत. जिथे दोन आकड्यांचा किंवा जास्त फरक पडतो तेवढ्यावरच चर्चा करावी. संचालकांनी औषधांच्या निकषाला दोन दिले, मेट्रनने चार. तर वाद स्वभावावर न जाता २१:३० या वेळेवर येतो. तो तुकडा सगळ्यांनी ऐकला की कापलं गेलेलं उत्तर सगळ्यांना ऐकू येतं, आणि दहा मिनिटांच्या फोनमध्ये आणखी एका प्रश्नाची भर पडते.

रेकॉर्डिंगची परवानगी मुलाखतीच्या सुरुवातीलाच, ते कशासाठी आहे आणि कोण ऐकणार हे सांगून घ्यायला हवी. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, काम संपलं की ठेवायची नाही. मुलाखतीतला गमतीचा तुकडा विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणं यात बसत नाही.

मुलाखतीच्या मर्यादाही कागद वाचणाऱ्याला ठाऊक असाव्यात. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांचा नव्याने हिशेब मांडला. शून्य म्हणजे मुलाखतीचा आणि पुढच्या कामाचा काही संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत संबंध, असं मानलं, तर ठरीव प्रश्नांच्या, निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा आकडा ०.४२ निघाला, आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.१९. निवडीच्या सगळ्या पद्धतींत ०.४२ हा सगळ्यांत वरचा आकडा. तरीही तो एकापासून चांगलाच दूर आहे. उत्तम कागद वाचूनही चुकीची निवड होऊ शकते.

म्हणून काही संस्था रेकॉर्डिंग पुसतात, पण दोन पानांचा कागद ठेवतात, आणि निवडलेल्या व्यक्तीचा सहा महिन्यांचा परिविक्षा काळ संपला की तो पुन्हा काढतात. वॉर्डच्या डॉक्टरांनी आणि सुपरवायझरने दिलेले गुण त्याच चार निकषांसमोर लिहिले जातात. दोन-तीन वर्षांत पंधरा-वीस कागद जमले, की कोणत्या प्रश्नाने काही कळलं आणि कोणत्याने नाही, ते दिसायला लागतं. हाताखालच्यांकडून काम करून घेण्याच्या प्रश्नाला सगळ्यांनाच चार मिळत असतील आणि वॉर्डात मात्र निम्म्या जणींचं रोट्यावरून भांडण होत असेल, तर पुढच्या भरतीत तो प्रश्न बदलावा लागतो.